मंग काय, भात टाकला

मी महाडला एका शाळेत मराठी शिकवतो. वर्गात कुणी ‘नाय’ म्हणालं की त्याला उभं करतो आणि ‘नाही’ तीनदा म्हणायला लावतो. मुलं हसतात. उभा असलेला मुलगाही हसतो, कारण न हसून करणार काय? हे मी इतकी वर्षं करत आलोय की आता ते माझ्या अंगवळणी पडलंय. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी भला माणूस होतो आणि चुकून घसरलो, असं वाटायला नको.

मी मूळचा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. वीस-बावीस घरं, खाली भाताच्या खाचरांच्या पायऱ्या, वर डोंगर. माझी थोरली बहीण तिथंच जवळच्या घरात दिली, त्यामुळे ती वाडी सोडून कधी गेलीच नाही. लहानपणी मी तिला ‘ताय’ म्हणायचो. महाडला नोकरी लागल्यावर ‘ताई’ म्हणायला लागलो. तिच्या ते लक्षात आलं असणार. बोलली मात्र कधी नाही.

तळीये गावावर डोंगर कोसळला त्याच आठवड्यात आमच्या वाडीवरही दरड आली. तळीयेच्या मानाने काहीच नाही. एक गोठा, एक म्हैस, आणि माझे मेहुणे. त्याची बातमीसुद्धा झाली नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या नाट्यमंडळाने एकांकिका करायला घेतली. मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा जण, कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी एमआयडीसीत. दिग्दर्शक पूर्वी मुंबईत मालिकांच्या सेटवर काम केलेला, पुढे कंटाळून परत आलेला आणि एका कारखान्यात सुपरवायझर झालेला. एकांकिका पुण्याच्या एका लेखकाची. दरड कोसळलेल्या गावात एक अधिकारी नोंदी करायला येतो, त्याच्यासमोर एक विधवा, तिची जाऊ आणि मुंबईहून आलेला तिचा मुलगा. इतकंच. लिहिलेली चांगली होती, पण सगळी माणसं छापील पुस्तकासारखी बोलत होती. विधवा म्हणायची, ‘माझे पती जनावरांना मुक्त करण्यासाठी गोठ्यात गेले आणि ते परतलेच नाहीत.’

दिग्दर्शक म्हणाला, “सर, हे आपल्याकडच्या बोलीत करा. तुम्ही तिकडचेच ना?”

मंडळात हे कुणाला माहीत असेल असं मला वाटत नव्हतं. मी जरा कानकोंडा झालो. म्हटलं, “हो. म्हणजे, मूळचे.”

लेखकाला फोन करून विचारलं. ते म्हणाले, करा, पण माझी माणसं हास्यास्पद करू नका. मी म्हटलं, नाही हो, छे.

मग मी वाडीवर गेलो. सोबत फोन होता. चुलीपुढे बसलो, फोन मांडीखाली उलटा ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सावरून बोलली असती आणि मला सावरलेलं नको होतं. लिहिण्याच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. माणूस ऐकलं जातंय हे कळलं की दुसरंच बोलतो. पण बरोबर असणं आणि चोरी असणं एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

“त्या दिवसाचं सांग ना,” मी म्हटलं.

“तुला म्हाईत नाय काय?”

“तुझ्या तोंडून नाही ऐकलं.”

तिनं फुंकणी खाली ठेवली. मी तिचं बोलणं आता जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करणार नाही. का ते पुढे कळेल. एवढंच सांगतो की तिनं मेहुण्यांपासून सुरुवात केली नाही, म्हशीपासून केली. थोरली गाभण होती. पाऊस चार दिवस. वरून ढेकळं यायला लागली तसे मालक दावं सोडायला गेले. धाकटीचं सुटलं, थोरलीचं ओलं होऊन आवळलं होतं. मग आवाज. मग गोठा नव्हता. खालच्या वाडीची माणसं आली, खणायला लागली. पंधरा-सोळा जण. दुपार झाली, त्यांच्या पोटात काही नव्हतं.

“मंग काय,” ताय म्हणाली. “भात टाकला.”

आणि गप्प झाली. तिचा हात चुलीकडे नुसताच उघडा राहिला होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, “त्यांना काढलं तवा दावं हातातच व्हतं. माणसं जेवून हात धूत व्हती.”

त्या रेकॉर्डिंगमध्ये त्या गप्प राहण्यात बाहेरची कोंबडी ऐकू येते आणि माझा खोकला. मला आठवतंय, मी खोकलो ते गहिवरून नाही. मनात म्हणत होतो, मिळालं. हेच पाहिजे होतं.

पहिला खर्डा मी प्रामाणिकपणे केला. हे माझ्या बाजूने सांगायला एवढंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोलीत करायचं म्हणजे ‘आहे’चं ‘हाय’ आणि ‘नाही’चं ‘नाय’ करून टाकायचं, असं लोकांना वाटतं. मी आधी उलट केलं. शब्दांचे उच्चार जवळजवळ तसेच ठेवले आणि वाक्यं मोडली. ताय एका वाक्यात एकच गोष्ट सांगते, आणि महत्त्वाची गोष्ट कधी पहिली सांगत नाही. तशी विधवेची वाक्यं केली. ‘पती’ काढलं. अधिकाऱ्यासमोर ती ‘मालक’ म्हणते, जावेशी बोलताना ‘पोराचा बाप’. अधिकाऱ्याशी बोलताना ती मुद्दाम जपून ‘नाही’ म्हणते, आणि राग आला की तिच्या नकळत ‘नाय’ येतं. म्हणजे ‘नाय’ सबंध एकांकिकेत चार-पाच ठिकाणीच, पण ते आलं की प्रेक्षकाला कळावं, आता ही खरं बोलतेय. जावेला ‘गो’ दिला, कारण ‘गो’ बरोबरीच्या बाईला येतो, साहेबाला नाही. मुंबईहून आलेल्या मुलाला ‘टेन्शन’ आणि ‘वो लोग’ दिलं. आईशी बोलताना तो पुन्हा वाडीचा होतो. अधिकारी महाडचा, तो आपल्यासारखाच बोलतो. चारही माणसं एकाच मुलखातली, पण प्रत्येकाच्या बोलण्याची धाटणी वेगळी ठेवली. प्रत्येक वाक्य लिहिलं की मोठ्याने म्हणून पाहिलं. तोंडात अडखळलं की बदललं. बाकीचा हेल नटांच्या तोंडात येऊ दे, कागदावर नको, असं ठरवलं. कागदावर हेल लिहिला की नट तो दुप्पट करतो.

आणि तायचं ते वाक्य मी एकदाच घातलं. शेवटी. अधिकारी विचारतो, ‘मग तुम्ही काय केलंत?’ आणि ती म्हणते ते.

वाचन झालं. विधवेची भूमिका करणारी एक तरुण बाई होती, नर्सिंगचं शिक्षण घेतलेली, दवाखान्यात काम करणारी. तिनं ते वाक्य वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला. खालून रिक्षा गेली तिचा आवाज आला.

दिग्दर्शक म्हणाला, “छान आहे सर. पण गाव दिसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बोली कुठाय? हे तर आपणच बोलतोय. स्पर्धेत परीक्षक मुंबईचे येणार. त्यांना पहिल्या वाक्याला कळलं पाहिजे की ही बाई डोंगरातली. आणि सर, पाऊण तास नुसतं रडकं? थोडी गंमत टाका की राव. गावच्या बाया बोलतात किती मजेशीर!”

इथे मी म्हणू शकलो असतो की नाही, हे असंच राहील. माझं ऐकलंही असतं. मी सगळ्यांत वयस्क होतो, सगळे मला ‘सर’ म्हणायचे. इतके दिवस मी माझ्याशीच म्हणत आलो की दिग्दर्शकाने करायला लावलं. त्याने लावलं नाही. तो फक्त म्हणाला, “म्हणजे कसं बोलतात ओ त्या? करून दाखवा ना.”

मी उठलो आणि करून दाखवलं.

पदर खोचल्यासारखा हात केला. मान तिरकी केली, ताय करते तशी. तिला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून ती मान तिरकी करते. नाकातून हेल काढला. “आवो सायेब, काय सांगू तुमास्नी, म्हस ग्येली, मालक ग्येलं, मंग काय, भात टाकला!” आणि चुलीकडे राहिलेला तो उघडा हात मी हवेत उडवला.

सगळे फुटले. दिग्दर्शक पोट धरून भिंतीला टेकला. “सर! तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!” कुणीतरी म्हणालं, परत, परत. मी परत केलं. या वेळी म्हशीचं रेकणंही घातलं.

मी मंडळात आठ वर्षं होतो. संहिता तपासणारा, प्रॉम्प्टिंग करणारा, चहाचं बिल देणारा माणूस. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळ्यांनी मला मधे बसवलं. घरी चालत जाताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी शिट्टी वाजवत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसरा खर्डा दोन दिवसांत झाला. मी सगळीकडे ‘हाय’, ‘नाय’, ‘आवो’ पेरले. अधिकारी सोडून तिघांच्याही तोंडी एकच बोली दिली. अधिकारी शुद्ध बोलणार आणि त्याच्यापुढे हे तिघे. कोण शहाणा ते कुणाला सांगायला नको. ‘तुमास्नी’ आमच्याकडे कुणी म्हणत नाही, तो मी कुठल्यातरी दुसऱ्याच गावच्या नाटकातून उचलला, कारण ऐकायला गावठी वाटतो. विधवेला इंग्रजी शब्द चुकीचे म्हणायला लावले. आणि ‘मंग काय, भात टाकला’ हे तिचं पालुपद केलं. पाऊस आला, मंग काय, भात टाकला. पुढारी आला, मंग काय, भात टाकला. सगळं मिळून नऊ वेळा. शेवटची वेळ नवऱ्याची. तोपर्यंत प्रेक्षकाला सवय लागलेली असणार होती.

तालमीत ती नर्सबाई माझ्याजवळ आली. “सर, एक विचारू? आधीचं चांगलं होतं. हे म्हणताना मला कुणाची तरी टिंगल करतेय असं वाटतं. आमच्या वॉर्डात अशा बाया येतात. त्या अशा नाही बोलत.”

“तुम्ही कुठल्या?” मी विचारलं.

“ठाण्याच्या.”

“मग आम्हाला शिकवू नका आमची बोली.” मी हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. दिग्दर्शक हसला. ती लाल झाली, कागद घेऊन जागेवर गेली, आणि पुढे सांगितलं तसं करत राहिली. चांगली नटी होती. मान तिरकी करणं मीच तिला शिकवलं.

स्पर्धा महाडलाच होती, आमचा नंबर दुपारी दोनचा. मी विंगेत उभा होतो. पडदा वर जायच्या आधी फटीतून प्रेक्षक पाहिले. तिसऱ्या रांगेत ताय बसली होती. मी तिला कळवलं नव्हतं. पण पोलादपूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं की सरांनी आपल्या वाडीचं नाटक लिहिलंय, म्हणून वाडीतले सात-आठ जण टेम्पो करून आले होते. ताय ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मांडीवर कापडी पिशवी होती, भाकऱ्यांची, मला द्यायला.

अजूनही वेळ होता. पहिली घंटा झाली होती, दुसरी व्हायची होती. मी त्या नर्सबाईकडे जाऊन म्हणू शकलो असतो, पहिला खर्डा पाठ आहे ना, शेवट तसा करा. तिला पाठ होता. मी गेलो नाही. मनात आलं, ताय ओळखणार नाही. तिला काय कळतंय. खरंच हेच शब्द मनात आले.

पहिल्या ‘भात टाकला’ला थोडे हसले. तिसऱ्याला सगळं थिएटर हसलं. पाचव्याला मागून पोरं तिच्याबरोबरच ओरडायला लागली. तिसऱ्या रांगेतली वाडीची माणसंही सुरुवातीला हसत होती. ताय हसत होती, पदर तोंडाला लावून, जरा अवघडून, आपल्या भावाचं नाटक आहे म्हणून. मग नटीने मान तिरकी केली. ताय हसायची थांबली. तिचीही मान नेहमीसारखी तिरकीच होती, ऐकायला म्हणून. तिनं ती हळूहळू सरळ केली.

नववी वेळ आली. अधिकाऱ्याने विचारलं, मग तुम्ही काय केलंत? नटी क्षणभर थांबली. मला वाटतं ती मुद्दाम थांबली, तिनं शेवटचा प्रयत्न केला. पण मागून पोरांनी उत्तर देऊन टाकलं. हशा, शिट्ट्या, टाळ्या. नवरा मेला त्यावर लोक टाळ्या वाजवत होते आणि मी विंगेत मोजत होतो की टाळ्या किती वेळ चालतात.

प्रयोग संपल्यावर ताय मागच्या दाराने आत आली, पिशवी घेऊन. दिग्दर्शक खुशीत होता. त्यानं तिला माझ्याशी बोलताना पाहिलं. ती एवढंच म्हणाली होती, “बाबू, तुझ्यासाठी भाकरी आनलीय.” लहानपणापासून मला ती बाबू म्हणते.

“अरे सर, ओरिजिनल!” दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. “मावशी, तुम्ही गावच्याच ना सरांच्या? एकदा म्हणा ना ते. मंग काय…”

मंडळातले सगळे वळले. एकाने फोन वर केला.

तायनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून पाहिलं, हे मला तेव्हाही कळलं. मी पिशवीकडे पाहत होतो. तिनं थोडा वेळ दिला मला. मग दिग्दर्शकाला म्हणाली, “मला नाही येत तसं. बाईंना छान येतं.”

‘नाही’ म्हणाली. अगदी स्वच्छ.

नर्सबाई रंग पुसत होती. तिनं तोंडावरचं फडकं खाली घेतलंच नाही.

आम्हाला बक्षीस मिळालं. शाळेत मुलं खिडकीतून ‘भात टाकला’ ओरडून पळायची. मी त्यांना उभं केलं नाही, कारण ते कौतुक होतं. कुणीतरी प्रयोगाचा तुकडा फोनवर पसरवला. तो पोलादपूरला पोचला, आणि अर्थातच वाडीवरही. ताय रेशनच्या रांगेत असली की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं. दरवर्षी थंडीत ती दोन दिवस माझ्याकडे यायची, महाडजवळच्या सवच्या गरम झऱ्यात गुडघे शेकायला. त्या थंडीत आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, गुडघे बरे आहेत.

पण खरा घाव पुढे बसायचा होता. वाडीच्या वर, गोठा गेला त्याच्या अंगाला, डोंगराला भेग आहे. वाडी खाली हलवावी, निदान धोक्याच्या यादीत घ्यावी, म्हणून वाडी भांडत होती, आणि भांडत होती म्हणजे ताय भांडत होती. दरडीच्या पुढल्या वर्षी पाहणीला आलेला साहेब रस्त्यावरूनच परत निघाला होता. ताय त्याच्या गाडीपुढे उभी राहिली. म्हणाली, “सायेब, बूट काढा. वर चला. तळव्याला कळंल तुमच्या, कागदाला नाय कळायचं.” तो साहेब हसला, पण चढला. भेगेत त्याची काठी मुठीपर्यंत गेली. वाडीची फाइल झाली ती त्या दिवशी. ताय बोलायला लागली की माणूस थांबायचा. ही तिची एकच गोष्ट होती, जमीन नाही, शिक्षण नाही, एवढीच.

आता यादी ठरवायची बैठक होती, वरच्या साहेबांपुढे. प्रत्येक वाडीनं एक माणूस पाठवायचा. ताय माझ्या घरी आली, बैठकीच्या आदल्या दिवशी. पाणी प्यायली. म्हणाली, “लिहून दे.”

“काय?”

“काय बोलायचं ते. तुझ्या भाषेत.”

“ताई, अगं तू बोल ना. तू बोलतेस तसं…”

“तसं बोललं की हसतात.”

ती रागाने म्हणाली नाही. पाऊस पडतो म्हणावं तसं म्हणाली. मला वाटतं मी तेव्हा माफी मागायला तोंड उघडलं असावं. तिनं पिशवीतून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला होता. दुमडू नये म्हणून वहीत घालून आणला होता. मी लिहायला बसलो.

‘उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, आमच्या वस्तीच्या वरील बाजूस भूपृष्ठास भेग पडलेली असून त्यामुळे जीवितहानीची शक्यता नाकारता येत नाही.’ हे मी लिहिलं. पुण्याच्या लेखकाचं विधवेचं वाक्य मी मोडलं होतं, आणि आता खऱ्या विधवेला तेच परत केलं.

तिचं वाचन चौथीपर्यंतचं. स्वयंपाकघरात उभी राहून ती मोठ्याने वाचायला लागली. “भेग पडलेली असून… जीवितहानी…” पुढे वाक्यात ‘पाणी’ होतं. ती ‘पानी’ म्हणाली.

आणि मी म्हणालो, “पाणी.”

माझ्या तोंडून गेलं. सवय. ती थांबली. म्हणाली, “पाणी.” मग माझ्याकडे न बघता पुन्हा म्हणाली, “पाणी. पाणी.” तीनदा. मी तिला उभं केलं नव्हतं, ती आधीच उभी होती.

तेव्हा मला आठवलं. मी पाचवीला पोलादपूरला वसतिगृहात गेलो तेव्हा सोडायला तीच आली होती, माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. फाटकाशी म्हणाली होती, “बाबू, हितं ‘नाय’ म्हनू नको हां. हसतील.” मी ते ऐकलं. इतकं नीट ऐकलं की पुढे हसणाऱ्यांत जाऊन बसलो.

बैठकीला मी गेलो होतो, मागच्या बाकावर. तिच्या आधी दोन वाड्यांची माणसं बोलली. तिचा नंबर आला तसं बाजूच्या बाकावर दोघे तरुण एकमेकांना कोपर मारून हसले. तिनं कागद उघडला. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. ‘भूपृष्ठास’ला अडली, परत मागे गेली. साहेब सुरुवातीला ऐकत होते, मग त्यांनी घड्याळ पाहिलं, मग फाइल. दुसऱ्या परिच्छेदाला ते सौम्यपणे म्हणाले, “बरं, बरं. कळलं, मावशी. निवेदन आवक-जावकला देऊन जा.”

ती थांबली. कागदावरचं बोट तिथंच होतं. मला वाटलं, आता कागद बाजूला ठेवील. आता म्हणेल, बूट काढा. मी बाकाची कड घट्ट धरली होती. तिनं मान हलवली, म्हणाली, “ठीक आहे साहेब,” आणि कागदाची घडी घातली.

वाडी त्या यादीत आली नाही. पुढच्या टप्प्यात घेऊ म्हणाले. कदाचित ती बोलली असती तरी आली नसती. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो. सांगितल्यावर बरं वाटत नाही.

पहिला खर्डा माझ्या कपाटात आहे. नर्सबाई मंडळ सोडून गेली. मीही सोडलं, पण तेव्हा नाही, पुढचं आणखी एक बक्षीस घेऊन सोडलं. रेकॉर्डिंग फोनमधून पुसलं नाही. तायला ते आहे हे अजून माहीत नाही. तिला सांगायचं धाडस होत नाही आणि ऐकायचंही होत नाही, कारण त्यात ती एका माणसाशी बोलतेय ज्याच्यावर तिचा विश्वास आहे.

पावसाचा जोर वाढला की वाडीला खाली शाळेत आणून ठेवतात. एका खोलीत सगळी घरं, गुरं मात्र वर. गेल्या पावसात दोनदा आणलं. ती मला फोन करते. कर्तव्य म्हणून करते, एवढं सोडलं नाही तिनं.

“आम्ही शाळेत आलो आहोत,” ती म्हणते. “सर्व जण सुखरूप आहेत. काळजी नसावी.”

मागच्या वेळी मला राहवलं नाही. म्हटलं, “ताय, नीट बोल ना गं.”

पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. कुणाचं तरी पोर रडत होतं, भांडी वाजत होती. एवढ्या माणसांचा स्वयंपाक तीच करत असणार.

“नीटच बोलते आहे,” ती म्हणाली. “ठेवू का?”